सहा मीटरची साडी, चार जीबीचा लॅपटॉप

लिंबायतला आमच्या गल्लीत दर दुसऱ्या घरातलं कुणी ना कुणी कापडाच्या धंद्यात आहे. कुणी लूमवर, कुणी मार्केटमध्ये, कुणी घरी बसून साडीला लेस लावतं. मी घरी बसून डिजिटल प्रिंटच्या साड्यांच्या फाइली तयार करते. धाकटा दीर पांडेसऱ्याच्या एका युनिटमध्ये मशीनवर आहे आणि बरंच काम त्याच्या ओळखीतून येतं. लग्न होऊन अमळनेरहून इथे आले तेव्हा मला फोटो नीट करता यायचे. साडीची फाइल काय असते ते इथे कळलं.

साडी साडेपाच मीटर, तिला जोडून ऐंशी सेंटिमीटरचा ब्लाउज पीस, म्हणजे 6.3 मीटर. पन्हा 44 इंच. इंचाला 200 पिक्सेल धरले तर लांबी 49,600 पिक्सेल आणि रुंदी 8,800. गुणाकार केला तर जवळपास 44 कोटी पिक्सेल होतात. प्रत्येक पिक्सेलला लाल, हिरवा, निळा असे तीन बाइट, म्हणजे एका थराला 1.3 जीबी. माझा लॅपटॉप जुना, रॅम 4 जीबी, त्यातली निम्मी विंडोजच खाते. तेवढ्यात एक थर कसाबसा मावतो. दुसरा थर घेतला किंवा एकदा अनडू केलं की सगळा भार हार्ड डिस्कवर जातो, तिचा दिवा विझत नाही आणि माऊस जागचा हलत नाही. पीएसडी फाइलला कुठल्याही बाजूने 30,000 पिक्सेलची मर्यादा आहे, त्यामुळे अख्खी साडी तिच्यात बसतच नाही. म्हणून फाइली टिफमध्येच येतात.

सगळ्याच साड्या एवढ्या जड नसतात. अंगावर एकच बुट्टी पुन्हा पुन्हा येत असेल तर एक रिपीट तयार करून द्यायचा, छपाईच्या मशीनचं सॉफ्टवेअर तो स्वतः पसरवतं. अशी फाइल लहान असते आणि ती कुठल्याही लॅपटॉपवर होते. फाइल हातात आली की रिपीट निघतो का तेच मी आधी बघते. अडचण येते ती पदरापासून शेवटापर्यंत सलग चित्र असलेल्या साडीला, कारण तिथे रिपीट निघतच नाही.

अशीच एक साडी घेऊन दीर आला. पदरावर मोर, त्याच्या शेपटीच्या वेली अंगभर पसरलेल्या, खाली रुंद बॉर्डर. मूळ चित्र हाताने काढून स्कॅन केलेलं, सगळं एकाच थरात. मोराचे पाय आणि मान धुरकट झाली होती, ती नीट करायची होती आणि त्याच डिझाइनच्या सहा मॅचिंग, म्हणजे सहा रंगसंगती हव्या होत्या. दीर म्हणाला, “वहिनी, शेठला आधी मोबाईलवर बघायचंय. पसंत पडेल तेवढंच छापणार.”

शेठला मोबाईलवर बघायचं होतं हे माझ्या पथ्यावरच पडलं. रंग ठरवायला 44 कोटी पिक्सेल लागत नाहीत. दहा टक्के आकाराची प्रत केली की ती 4,960 बाय 880 पिक्सेलची होते आणि रॅममध्ये फक्त 13 एमबी घेते. हिलाच प्रॉक्सी म्हणतात. पदर कुठे संपतो, बॉर्डर अंगाच्या मानाने जड झाली का, मोरपंखी रंगावर सोनेरी उठतो की मरतो, हे सगळं तिच्यात दिसतं. नाहीतरी अख्खी साडी स्क्रीनवर मावावी म्हणून आपण मोठी फाइलही लहान करूनच बघत असतो.

फाइल कापणं, लहान करणं, परत जोडणं यासाठी मी विप्स वापरते. हे मोफत सॉफ्टवेअर 1990च्या सुमारास युरोपातल्या एका प्रकल्पातून आलं. लंडनच्या नॅशनल गॅलरीसारख्या संग्रहालयांतल्या चित्रांच्या प्रचंड मोठ्या प्रतिमा त्या काळच्या संगणकांवर हाताळायच्या होत्या, त्यासाठी ते लिहिलं गेलं. ते अख्खं चित्र रॅममध्ये घेत नाही. लागेल तो भाग वाचतं, त्यावर काम करतं, लिहितं आणि सोडून देतं. त्याला खिडक्या-बटणं नाहीत, आज्ञा टाइप कराव्या लागतात, पण रोजच्या कामाला चार-पाच पुरतात.

```
vips copy design.tif "sari.tif[tile,compression=deflate]"
vips resize sari.tif proxy.tif 0.1
```

पहिल्या ओळीने फाइल चौकोनी तुकड्यांत साठवली जाते. हे महत्त्वाचं आहे. साधी टिफ आडव्या पट्ट्यांत असते, म्हणून मोराचा एक पाय हवा असला तरी त्या उंचीवरच्या सहा मीटर लांब ओळी वाचाव्या लागतात. चौकोनांत असली की लागतील तेवढेच चौकोन वाचले जातात. डीफ्लेट दाबणीने चित्राचं काही बिघडत नाही. जेपीजी मात्र मधल्या कुठल्याही टप्प्यावर नको. प्रत्येक वेळी सेव्ह करताना ती थोडं चित्र खाते, मग परत बसवलेला तुकडा आजूबाजूपेक्षा वेगळा दिसतो.

प्रॉक्सी बरोबर एक दशांश असली की जागा शोधणं सोपं होतं. माझ्या प्रॉक्सीत मोराचं डोकं-मान आडवं 310, उभं 240 या बिंदूपासून सुरू होत होतं आणि 180 बाय 200 इतकी जागा घेत होतं. सगळ्याला दहाने गुणायचं. त्यासाठी मूळ फाइलची लांबी-रुंदी दहाने भाग जाणारी लागते. 49,606 असली तर प्रॉक्सी 4,961 ची होते आणि साडीच्या दुसऱ्या टोकाला हिशेब चार-पाच पिक्सेलने सरकतो. म्हणून सुरुवातीलाच सहा पिक्सेल कापून टाकते. ते कापडावर एक मिलिमीटरही भरत नाहीत.

तुकडा कापताना चारी बाजूंनी 256 पिक्सेल जास्तीचे घेते.

```
vips crop sari.tif mor.tif 2844 2144 2312 2512
```

हा तुकडा 17 एमबीचा आहे. जिंपमध्ये त्यावर दहा थर घेतले तरी लॅपटॉप कुरकुरत नाही. ब्लर किंवा शार्पन करताना प्रत्येक पिक्सेल शेजाऱ्यांकडे बघून बदलतो. तुकड्याच्या कडेच्या पिक्सेलला एका बाजूला शेजारीच नसतो, म्हणून तिथला निकाल चुकतो आणि बसवल्यावर बारीक रेघ दिसते. त्या जास्तीच्या पट्टीत ही चूक राहते आणि नंतर ती पट्टी कापली जाते. साधारण हिशेब असा की गॉशियन ब्लरचा आकडा 40 असेल तर त्याचा परिणाम तिप्पट, म्हणजे 120 पिक्सेलपर्यंत पोचतो. 256 मध्ये तो आरामात मावतो.

पण पट्टी घेतली म्हणजे सगळं सुटलं असं नाही. मान शार्प केली आणि तोच शार्पपणा तुकड्याच्या कडेपर्यंत ठेवला, तर आत धारदार आणि बाहेर मऊ अशी चौकट उमटणारच. म्हणून बदललेला थर मास्कने कडेला पोचायच्या आधीच विरवून टाकायचा. मी मानेचा मास्क पिसांच्या रेषेवर संपवला. तिथे रंगच बदलतो, त्यामुळे सांधा शोधूनही सापडत नाही.

जिंप फाइल उघडताना रंगाच्या प्रोफाइलबद्दल विचारतं, तेव्हा ती आहे तशीच ठेवायची. बदलली तर अख्ख्या तुकड्याचा रंग किंचित सरकतो. शेवटी सगळे थर एक करून सपाट चित्र mor2.tif या नावाने सेव्ह करायचं. पारदर्शकतेचा चौथा चॅनल राहिला तर विप्स तो तुकडा साडीत बसवून घेत नाही. `vipsheader mor2.tif` म्हटलं की 2312x2512 आणि 3 bands असं उत्तर यायला हवं. मग:

```
vips crop mor2.tif mor3.tif 256 256 1800 2000
vips insert sari.tif mor3.tif "sari2.tif[tile,compression=deflate]" 3100 2400
```

नवीन फाइलला दुसरं नाव द्यायचं. ज्या फाइलमधून वाचतो तिच्यातच लिहायला गेलं तर हातात काहीच राहत नाही.

मॅचिंगचं काम याहून नाजूक निघालं. प्रॉक्सीवर कर्व्ह आणि रंगछटा ठरवून प्रत्येक मॅचिंगचे प्रीसेट जिंपमध्ये जतन केले आणि सहा लहान चित्रं शेठला पाठवली. त्यातल्या चार पसंत पडल्या. मग मोठ्या साडीचे लांबीने पाच तुकडे केले, प्रत्येक 9,920 पिक्सेलचा, आणि सगळ्यांवर तेच प्रीसेट चालवलं. कर्व्ह शेजाऱ्याकडे बघत नाही, म्हणून इथे जास्तीची पट्टी लागत नाही. मात्र ‘ऑटो’ नावाचं काहीही इथे वापरायचं नाही. ऑटो प्रत्येक तुकडा स्वतंत्र मोजतं. गडद पदराचा तुकडा उजळेल, फिक्या अंगाचा गडद होईल, आणि साडी ठिगळं लावल्यासारखी छापली जाईल. पाच तुकडे असे जोडते:

```
vips arrayjoin "p0.tif p1.tif p2.tif p3.tif p4.tif" "match1.tif[tile,compression=deflate]" --across 5
```

चारपैकी एका मॅचिंगमध्ये मात्र मोठी फाइल प्रॉक्सीसारखी दिसेना. प्रॉक्सीत वेलींची सावली छान गडद झाली होती, मोठ्या फाइलमध्ये होती तशीच होती. कारण त्या सावलीच्या बनावटीत होतं. ती राखाडी रंगाची नव्हतीच. चित्रकाराने पांढऱ्यावर दोन-दोन पिक्सेलच्या काळ्या रेघा ओढल्या होत्या. लहान करताना त्या पांढऱ्यात मिसळून राखाडी झाल्या, आणि कर्व्हने तो राखाडी गडद केला. मूळ फाइलमध्ये राखाडी नाहीच. काळं काळंच राहतं, पांढरं पांढरंच, कर्व्हला पकडायला मधला रंग सापडत नाही. लहान करून मग रंग बदलणं आणि रंग बदलून मग लहान करणं, यांची उत्तरं अशा ठिकाणी वेगळी येतात.

त्यावर उपाय म्हणजे बारीक रेघा, टिंबं, जाळी असेल तिथला एक तुकडा पूर्ण आकारात कापायचा, त्यावर प्रीसेट चालवायचं, मग तो लहान करून प्रॉक्सीशेजारी ठेवायचा. दोन्ही जुळले तरच शेठला चित्र पाठवायचं. त्या साडीत मी रेघांचाच रंग गडद निळा केला आणि त्यांच्यामागच्या पांढऱ्याला हलकी छटा दिली, तेव्हा हवी ती सावली आली. नवीन चित्र पाठवून पुन्हा होकार घेतला. दाणेदार पोताचंही असंच आहे. प्रॉक्सीवर टाकलेला दाणा मोठ्या फाइलवर दहापट लहान पडतो आणि कापडावर दिसतच नाही. तो मूळ आकारातच टाकावा लागतो.

एक काम असं होत नाही. बॉर्डरची वेल सहा मीटरभर हळूहळू वळवायची असेल, किंवा अख्खं चित्र ताणून पदराकडे सरकवायचं असेल, तर तुकड्यांत ते जमत नाही. प्रत्येक तुकड्याचं वळण शेजारच्याशी पिक्सेल-पिक्सेल जुळावं लागतं आणि हाताने ते शक्य नसतं. अशा वेळी मी वळण प्रॉक्सीवर काढून दाखवते आणि मोठी फाइल युनिटमधल्या 32 जीबीच्या मशीनवर रात्री करून घेते. तिथली रात्रपाळी संपायच्या आत तुकड्यांत केलेल्या साडीची दोन मीटरची फेंट छापून येते, तीत मोराच्या मानेजवळ होता तसा सांधा येईल अशीच जागा मी निवडून देते.