88.72

तारापूर एमआयडीसीतल्या एका औषध कंपनीच्या रेकॉर्डमध्ये गेल्या पावसाळ्यात 88.72 हा आकडा सारखा येत होता. कॅप्सूल ठेवायच्या खोलीतली ही हवेची आर्द्रता. खोली साधारण 58 टक्क्यांवर असायची, मर्यादा 65 ची. मध्येच रात्री दोन-अडीचला एकदम 88.72 आणि पुढच्या मिनिटाला परत 58. कंपनीने त्याचा अर्थ लावून टाकला होता. रात्रपाळीचा हेल्पर हवा खायला दार उघडं टाकतो.

हेल्पर विक्रमगडकडचा, कंत्राटी, वीस-एकवीस वर्षांचा. त्याचे दोन दिवसांचे पैसे कापले होते आणि खोलीच्या रजिस्टरमध्ये लाल शाईने तशी नोंद झाली होती. मी पालघरला राहते, बोईसर-तारापूर भागात पॅनल आणि सेन्सरची कामं करते. मला बोलावलं होतं ते दाराला अलार्म बसवायला. दार उघडलं की भोंगा वाजला पाहिजे, एवढंच काम.

मी आधी मशीनची फाइल मागितली, कारण मला तो आकडा खटकला. बोईसरच्या जुलैमध्ये बाहेरची हवा दमट असते हे खरंच. पण अख्खी खोली एका मिनिटात तीस टक्के वर जाऊन पुढच्या मिनिटाला जागेवर येत नाही. दार उघडलं तर आर्द्रता चढते आणि मग रेंगाळत उतरते. शिवाय दार उघडल्यावर दर वेळी दशांशापर्यंत तोच आकडा कसा येईल?

फाइल वेळेऐवजी आकड्याप्रमाणे लावली. 88.72 बऱ्याचदा होता, 89.21 काही वेळा, 88.23 थोड्या वेळा. यांच्या मधलं काहीच नाही. आणि हे आकडे दिवसाही होते! दिवसा ‘सफाई चालू’, ‘माल आत घेतला’ असं कोणीतरी लिहून टाकायचं. रात्री लिहायला कोणी नव्हतं, म्हणून रात्रीचे आकडे त्या मुलाच्या नावावर चढले.

आता वायरकडे येऊ. सेन्सर खोलीत, ESP8266 चं छोटं बोर्ड भिंतीपलीकडच्या पॅनलमध्ये, मध्ये चारेक मीटर केबल. दोघं बोलतात ते आय-टू-सी नावाच्या पद्धतीने. ही फिलिप्सने 1982 मध्ये आणली. तुमच्या हातातल्या फोनमध्येही अनेक चिप्स याच पद्धतीने बोलतात. यात दोनच तारा लागतात. SDA वर माहिती जाते, SCL वर ठोके. बोर्ड ठोका देतं आणि एकेका ठोक्याला एकेक बिट सरकतो.

या तारांची गंमत अशी, की त्यांना वर ढकलणारं कोणी नसतं. प्रत्येक चिप तार फक्त खाली ओढू शकते किंवा सोडू शकते. याला ओपन ड्रेन म्हणतात. तार वर जाते ती एका रेझिस्टरमुळे, तो पुल-अप. गाडीतल्या साखळीसारखं आहे हे. कोणत्याही डब्यातून ओढली तरी गाडी थांबते, आणि सगळ्यांनी सोडल्याशिवाय सुटत नाही. त्यामुळे दोन चिप्स एकाच वेळी बोलल्या तरी काही जळत नाही. पण तार खाली असेल तर ती कोणी आणि का धरली आहे, हे नुसत्या तारेवरून कळत नाही.

पहिला संशय मी केबलवर घेतला. केबल म्हणजे एक बारीक टाकी असते आणि पुल-अप हा तिचा नळ. नळ बारीक असेल तर टाकी हळू भरते, म्हणजे तार सावकाश वर येते. हा वेळ 30 टक्के व्होल्टेजपासून 70 टक्क्यांपर्यंत मोजतात.

`tr = 0.8473 × R × C`

100 किलोहर्ट्झच्या साध्या वेगाला यासाठी 1 मायक्रोसेकंदाची मर्यादा आहे, 400 च्या वेगाला 0.3 ची. इथे वेग साधा होता. ऑसिलोस्कोप लावला तर तार ताठ उभी राहण्याऐवजी शार्कच्या पंखासारखी वळत वर जात होती, 2.3 मायक्रोसेकंद घेत. पुल-अप होता फक्त सेन्सरच्या मॉड्यूलवरचा, 10 किलोओहमचा. उलटा हिशेब केला की केबल आणि चिप्स मिळून 270 पिकोफॅरड येतात. मानकात 400 पर्यंत चालतं. म्हणजे टाकी ठीक होती, नळच बारीक होता.

पॅनलच्या बाजूला प्रत्येक तारेवर 2.2 किलोओहमचा आणखी एक रेझिस्टर जोडला. दोन्ही मिळून 1.8 किलोओहम, आणि वर यायचा वेळ 0.41 मायक्रोसेकंद. मनात येईल तेवढा लहान रेझिस्टर मात्र लावता येत नाही. तार खाली ओढणाऱ्या चिपलाच तो करंट गिळावा लागतो, आणि साध्या वेगाच्या चिपने 3 मिलिअँपिअर गिळून तार 0.4 व्होल्टच्या खाली ठेवावी एवढीच हमी असते. 3.3 व्होल्टला हिशेब 967 ओहमवर थांबतो. त्याच्या खाली गेलात तर तार वर झटकन येईल, पण नीट खाली जाणार नाही.

कडा सरळ झाल्या. मला हे करायचंच होतं, कारण अशा लोळत्या कडेवर शेजारच्या मोटरच्या केबलमधला एखादा झटका बसला तर सेन्सर एका ठोक्याचे दोन मोजू शकतो. पण दुसऱ्या दिवशी फाइलमध्ये 88.72 होताच.

मग ठोक्याच्या तारेवर पाळत ठेवली. आय-टू-सीमध्ये हळू चिपला एक सवलत आहे. तिचं उत्तर तयार नसेल तर ती SCL खाली धरून ठेवते. बोर्डाने आपल्या बाजूने तार सोडली तरी ती वर येत नाही, आणि बोर्डाने थांबायचं असतं. याला क्लॉक स्ट्रेचिंग म्हणतात. इथला सेन्सर SHT21. त्याला `0xE5` ही आज्ञा दिली की तो आर्द्रता मोजून होईपर्यंत ठोका धरून बसतो. डेटाशीटमध्ये हा वेळ सहसा 22 मिलिसेकंद आणि जास्तीत जास्त 29 दिलेला आहे. मघाचा केबलचा उशीर मायक्रोसेकंदांचा, हा त्याच्या दहा हजार पट.

तार खाली कोणी धरली हे ओळखायला एक साधी युक्ती आहे. सेन्सरच्या बाजूला SCL मध्ये 100 ओहमचा रेझिस्टर घातला. आता बोर्ड तार ओढतं तेव्हा पॅनलमध्ये ती जवळजवळ शून्यावर येते, आणि सेन्सर ओढतो तेव्हा त्या रेझिस्टरवर काही व्होल्टेज पडत असल्यामुळे थोडी वर राहते. स्क्रीनवर दोघांच्या पायऱ्या वेगळ्या दिसतात. स्कोपला सांगितलं, तार 25 मिलिसेकंदांपेक्षा जास्त खाली राहिली तरच पकड. 25 का, तर बोर्डाच्या प्रोग्रॅममध्ये ही ओळ होती:

```
Wire.setClockStretchLimit(25000);
```

म्हणजे 25,000 मायक्रोसेकंद वाट बघ, मग पुढे जा. ESP8266 च्या जुन्या लायब्ररीत ही मर्यादा आपोआप फक्त 230 मायक्रोसेकंद असायची, म्हणून आधी काम केलेल्याने ती वाढवली होती. 22 लागतात, 25 ठेवू. जुना सेन्सर त्यात बसत होता. जूनमध्ये तो बदलला. नवा त्याच मॉडेलचा, पण जरा संथ. बहुतेक वेळा 24.6, 24.8 घ्यायचा, कधीतरी 25.1. डेटाशीटप्रमाणे तो पूर्ण निर्दोष होता.

25.1 ला काय होतं ते स्क्रीनवर दिसलं. बोर्डाची वाट बघून संपते. SDA तेव्हा मोकळी, म्हणजे वर, म्हणून ते पहिला बिट 1 असा वाचून टाकतं. तेवढ्यात सेन्सर ठोका सोडतो आणि आपला पहिला बिट देतो. बोर्ड तो दुसरा समजतं. सगळं एक घर सरकलं. पहिल्या बाइटनंतर बोर्ड पोच देतं तीही चुकीच्या ठोक्यावर पडते. सेन्सरच्या हिशेबाने पोच आलीच नाही, म्हणून तो बोलायचं थांबतो आणि दुसरा बाइट सगळा 1 वाचला जातो.

आता हे आकड्यात घालू. आर्द्रता 58 टक्के असताना सेन्सरचा पहिला बाइट `10000011` येतो. पुढे खोटा 1 लागून तो `11000001` होतो, मागे सगळे 1. सेन्सरच्या सूत्रात, म्हणजे आलेली संख्या 65536 ने भागून 125 ने गुणायची आणि 6 वजा करायचे, हे घातलं की येतात 88.72. बाइटचा शेवटचा बिट गळून पडल्यामुळे खोली 57.5 ते 58.4 मध्ये कुठेही असली तरी उत्तर हेच. त्याच्या वरच्या घरात 89.21, खालच्या घरात 88.23. फाइलमधले तिन्ही आकडे कागदावर निघाले.

सेन्सर तिसरा बाइटही देतो, आधीचे दोन बरोबर आले की नाही ते तपासायला. प्रोग्रॅम तो मागतच नव्हता. मागितला असता तर या नोंदी तिथेच बाद झाल्या असत्या. मी मर्यादा वाढवण्याऐवजी आज्ञाच बदलली. `0xF5` दिली की सेन्सर ठोका धरत नाही, तार मोकळी ठेवून मोजतो. आपण 29 पेक्षा जास्त थांबून विचारायचं:

```
Wire.beginTransmission(0x40);
Wire.write(0xF5);
Wire.endTransmission();
delay(30);
Wire.requestFrom(0x40, 3);
```

त्याखाली तिसऱ्या बाइटची तपासणी लिहिली. पुढचे दोन आठवडे फाइल रोज पाहिली. त्या तीनपैकी एकही आकडा आला नाही.

अलार्म बसवलाच नाही. त्याऐवजी क्वालिटीच्या साहेबांना तीन पानं दिली: दिवसाच्या आणि रात्रीच्या नोंदी शेजारी शेजारी, स्कोपचा फोटो आणि 58 चे 88.72 कसे होतात तो हिशेब. ते बराच वेळ वाचत बसले. मग म्हणाले, “म्हणजे दार बंदच होतं?” मी म्हटलं, “दाराचं मला माहीत नाही साहेब. या आकड्यांचा दाराशी संबंध नाही, एवढं लिहून देते.”

कापलेले पैसे पुढच्या महिन्यात ठेकेदाराने परत दिले. लाल नोंद मात्र पुसली गेली नाही. औषध कंपनीच्या रजिस्टरमध्ये खाडाखोड चालत नाही. जुनी ओळ वाचता येईल अशी ठेवून खाली तारीख आणि सही घालून दुसरी ओळ लिहायची असते. त्या मुलाने मला विचारलं, “मॅडम, खाली काय लिहिलंय?” इंग्रजीत होतं, म्हणून मराठीत वाचून दाखवलं. सेन्सर वाचण्यातला दोष, दार उघडल्याचा पुरावा नाही. त्याने फोन काढून दोन्ही ओळींचा एकच फोटो घेतला.