पहिल्यांदा रक्त देणाऱ्यासाठी घोषवाक्य

महाविद्यालयातील रक्तदान शिबिराची घोषवाक्ये बहुतेक वेळा आधीच ठरलेली असतात. राष्ट्रीय सेवा योजनेचे स्वयंसेवक कार्डशीट आणि मार्कर घेऊन बसले, की ‘रक्तदान हेच श्रेष्ठदान’ आणि ‘रक्तदान, जीवनदान’ ही वाक्ये सर्वांत आधी लिहून होतात. त्यांत खोटे काही नाही. पण ती पटतात ती पूर्वी रक्त दिलेल्यालाच. नुकतीच १८ वर्षे पूर्ण केलेला विद्यार्थी रक्तदान श्रेष्ठ आहे की नाही, या प्रश्नावर अडलेला नसतो. सुई किती जाड असते, चक्कर येईल का, घरी कळले तर आई काय म्हणेल, आणि टेबलापर्यंत जाऊन मागे फिरलो तर वर्गातली मुले काय बोलतील, हे त्याचे प्रश्न असतात. यांतल्या एखाद्याचे उत्तर फलकावर दिसले, तरच तो तिथे थांबतो.

काही घोषवाक्ये याच्या उलट जातात. ‘तुमच्या एका नकाराने कुणाचा तरी जीव जाऊ शकतो’ हे वाक्य अपराधी वाटायला लावते. ‘हिंमत असेल तर पुढे या’ हे वाक्य भित्रा ठरवते. अशा वाक्यांनी त्या दिवशीच्या पिशव्या कदाचित वाढतीलही. तरीही ती टाळायला हवीत, आणि त्याचे कारण केवळ सौजन्याचे नाही. रक्त देण्यापूर्वी प्रत्येकाकडून एक अर्ज भरून घेतला जातो. अलीकडे ताप आला होता का, कावीळ झाली होती का, कोणती औषधे चालू आहेत, टॅटू काढला आहे का, संसर्गाचा धोका असलेले शरीरसंबंध आले आहेत का, असे प्रश्न त्यात असतात. गोळा झालेल्या प्रत्येक पिशवीची एचआयव्ही, कावीळ ब आणि क, सिफिलिस व हिवताप यांसाठी तपासणी होतेच. मात्र संसर्ग अगदी ताजा असेल, तर तो काही काळ चाचणीत दिसत नाही. तेवढ्या काळात रुग्णाचे संरक्षण दात्याच्या खऱ्या उत्तरावरच अवलंबून असते. मागे मित्र उभे आहेत, विभागाविभागांत ढालीसाठी चुरस लागली आहे आणि फलक हिंमत विचारतो आहे, अशा वेळी मुलगा अर्जातल्या अडचणीच्या प्रश्नापुढे ‘नाही’ लिहून मोकळा होतो. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या निकालानंतर १ जानेवारी १९९८ पासून देशात पैसे घेऊन रक्त देणे बंद झाले. पैशासाठी रक्त देणाऱ्याला आजार लपवण्याचे कारण असते, हा त्यामागचा एक विचार होता. लाजेखातर रक्त देणाऱ्यालाही तेच कारण मिळते.

दडपण नको म्हणून गोड खोटे लिहावे, असाही याचा अर्थ नाही. ‘दिलेलं रक्त २४ तासांत भरून निघतं’ हे वाक्य अनेक शिबिरांत दिसते आणि ते अर्धेच खरे आहे. रक्तातला पातळ भाग एक-दोन दिवसांत भरून येतो. तांबड्या पेशी पूर्ववत व्हायला काही आठवडे लागतात, आणि लोहाचा साठा भरायला त्याहूनही जास्त. म्हणूनच दोन रक्तदानांत पुरुषांना ९० आणि स्त्रियांना १२० दिवसांचे अंतर ठेवायला सांगतात. ‘अजिबात दुखत नाही’ हेही तसेच. रक्तपेढीची सुई इंजेक्शनच्या सुईपेक्षा जाड असते आणि ती आत जाताना दुखते. पहिल्यांदा आलेल्याला हे खुर्चीवर बसताच कळते आणि फलकावरच्या बाकी सगळ्या वाक्यांवरचा त्याचा विश्वास उडतो. त्यापेक्षा ‘सुई जाताना दुखतं. मग साधारण दहा मिनिटं पडून राहायचं असतं’ हे वाक्य बरे. त्यात यमक नाही, पण पुढे काय होणार ते त्यात आहे. घोषवाक्याला यमक असायलाच हवे, हा हट्ट सोडला तर निम्मी अतिशयोक्ती आपोआप गळून पडते.

चक्कर येण्याच्या भीतीचे उदाहरण घेतले, तर घोषवाक्य कसे घडते ते नीट दिसते. रक्त देताना किंवा दिल्यानंतर रक्तदाब एकदम उतरून घेरी येते. वय कमी, वजन कमी, रक्त देण्याची पहिलीच वेळ आणि रिकामे पोट, अशा दात्यांत हे अधिक घडते. म्हणजे महाविद्यालयातल्या रांगेत याची शक्यता नेहमीपेक्षा जास्त. रक्त देण्याच्या थोडे आधी अर्धा लिटर पाणी प्यायले, खाटेवर असताना मांड्या आणि पोटऱ्या अधूनमधून आवळल्या-सोडल्या आणि नंतर घाईने उठले नाही, तर ही शक्यता कमी होते. यावरून पहिला मसुदा होतो, ‘घाबरू नका, काही होत नाही’. तो फेकून द्यावा, कारण कधीकधी घेरी येते. दुसरा मसुदा, ‘पाणी प्या, चक्कर टाळा’. हा बरा आहे, पण औषधाच्या वेष्टनावरच्या सूचनेसारखा वाटतो. तिसरा असा: ‘डबा खाल्ला? पाणी प्यायलात? मग या, बोलू.’ हा उपाहारगृहाच्या दारात लावण्याजोगा आहे. जे करायचे ते त्यात सांगितले आहे, आणि निमंत्रण फक्त बोलण्याचे आहे.

मुलींसाठी वेगळा विचार लागतो. रक्त देण्यासाठी किमान ४५ किलो वजन आणि १२.५ ग्रॅम हिमोग्लोबिन लागते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक भारतीय स्त्रियांत रक्तक्षय आढळला. ‘मुलींनो, मागे राहू नका’ असा फलक वाचून धीर करून आलेली मुलगी तपासणीच्या टेबलापाशी येते. बोटातून काढलेला रक्ताचा थेंब मोरचुदाच्या निळ्या द्रावणात सोडतात. तो सरळ तळाशी गेला तर हिमोग्लोबिन पुरेसे आहे. मध्येच रेंगाळला किंवा वर आला तर ते कमी आहे. थेंब वर तरंगताना तिच्यामागच्या दोघींनाही दिसतो. ‘मागे राहू नका’ वाचून आलेल्या मुलीला इथे आपण नापास झालो असे वाटते. त्या टेबलावर ‘आज नाही जमलं, तरी तपासणी झाली. डॉक्टरांशी बोलून जा’ असे लिहिलेले असावे. आणि हे नुसते वाक्य राहू नये. लोहाच्या गोळ्या, आहार आणि पुन्हा तपासणी यांविषयी सांगणारा माणूस तिथे खरोखर बसलेला असावा.

सर्वांत कमी लिहिले जाणारे आणि सर्वांत आवश्यक वाक्य मागे फिरण्याचे आहे. दाता कोणत्याही टप्प्यावर थांबू शकतो, सुई टोचल्यानंतरसुद्धा. ‘नुसतं बघायला आलात तरी चालेल’ हे नोंदणीच्या टेबलासमोर आणि ‘थांबावंसं वाटलं तर सांगा, कारण विचारणार नाही’ हे आत, पडद्याच्या अलीकडे लावावे. अशाने लोक निघून जातील, अशी भीती संयोजकांना वाटते. काही जातीलही. ज्याला जाऊ दिले तो पुढच्या शिबिराला येण्याची शक्यता राहते. ज्याला ओढून बसवले आणि घेरी आली, तो बहुधा पुन्हा येत नाही आणि खोलीवरच्या मित्रांनाही तेच सांगतो. अर्थात, फलकावर असे लिहून वर्गात हजेरीचे किंवा गुणांचे आमिष दाखवले, तर फलक खोटा ठरतो. तेव्हा तो न लावलेलाच बरा.

फलक रंगवण्याआधी सगळी वाक्ये येणाऱ्या रक्तपेढीच्या डॉक्टरांना आणि कधीच रक्त न दिलेल्या दोन-तीन विद्यार्थ्यांना वाचून दाखवावीत. डॉक्टर चुकीचे वाक्य काढतील, विद्यार्थी टोचणारे काढतील, आणि उरतील तेवढीच लावावीत.