दोन ओळींची खटपट

12 जानेवारी, केदारखेडा

पाचवीच्या स्वाध्यायपत्रिकेच्या डोक्यावर टाकायला रात्री दोन ओळी जुळवल्या:

परिमितीला बेरीज करा, आली ती मग दुप्पट धरा;
क्षेत्रफळाला गुणाकार करा, चौरस एकक पुढे भरा.

पहिलं उदाहरण 4 सेमी बाजूच्या चौरसाचं. सगळ्या वर्गाचं उत्तर बरोबर. मी खूश.

13 जानेवारी

खुशी टिकली नाही. 8 सेमी लांब, 3 सेमी रुंद आयत दिला, तर निम्म्या वर्गाने परिमिती 24 लिहिली. हवी होती 22. 24 चौसेमी हे क्षेत्रफळ. एका मुलीला म्हटलं, ओळी म्हणून दाखव. तिने ठसक्यात म्हटलं, "क्षेत्रफळाला बेरीज करा, परिमितीला गुणाकार करा." आणि माझ्या कानाला काहीच खटकलं नाही! दोन्ही शब्द अदलाबदल करूनही चाल तशीच राहते. चुकीलाही तितकंच छान यमक.

कालच्या चौरसाने तर मला फसवलंच. त्याची परिमिती 16 सेमी आणि क्षेत्रफळही 16 चौसेमी. कोणी काय केलं ते कळणार कसं? 6 गुणिले 3 च्या आयताचंही तेच, दोन्हीकडे 18. पूर्ण संख्यांत असे आयत हे दोनच. नेमका त्यातला एक मी उचलला होता.

15 जानेवारी

भास्कराचार्यांनी 1150 साली 'लीलावती' लिहिली ती पद्यातच, पण नियमाच्या श्लोकामागे उदाहरण येतं. नुसता श्लोक मुलांच्या हाती देऊन ते मोकळे झाले नव्हते. मी झालो होतो.

आज आधी वर्गाबाहेरच्या ओट्याला कडेने सुतळी फिरवली, मग त्यावर पुठ्ठ्याचे चौकोन ओळीने मांडले. एका पोराने विचारलं, "सर, सुतळी म्हणजे शेताचं तारेचं कुंपण ना?" ओळ तिथेच सापडली:

काठाने फिरते कुंपणाची तार, मिळवत जायच्या बाजू चार;
आत ओळी, ओळीत घरं, ओळी गुणिले घरं तेच खरं.

आता शब्द हलवले की यमक मोडतं. तारेला गुणाकार लावायला कोणी गेलं नाही.

19 जानेवारी

नवं दुखणं. 6 गुणिले 5 च्या आयताचा एक कोपरा 3 गुणिले 2 चा कापून आकृती दिली. बाजू सहा झाल्या, पण पोरांनी चारच मिळवल्या. का? "ओळीत चारच आहेत, सर." क्षेत्रफळ मात्र 30 वजा 6, म्हणजे 24 चौसेमी, बऱ्याच जणांना जमलं. परिमिती 22 सेमीच राहते, कापण्याआधी होती तेवढीच. हे पटवायला कोपऱ्याच्या दोन आतल्या कडा सुतळीने बाहेर ओढून दाखवाव्या लागल्या.

रात्री पहिली ओळ बदलली: काठाने फिरते कुंपणाची तार, एकही बाजू सोडू नको यार.

20 जानेवारी

मुख्याध्यापकांनी 'यार'भोवती पेन्सिलीने गोल केला. मी तसंच छापलं.