शनिवार-रविवारची सुट्टी

डिगॉक्सिनची गोळी आठवड्यातून पाच दिवस द्यायची आणि शनिवार-रविवार सुट्टी, ही पद्धत आपल्याकडे इतकी मुरली आहे की तिचं कारण कुणी विचारत नाही. मीही विचारलं नव्हतं. वरिष्ठांनी तसं लिहिलं, मी तसं लिहिलं. हे औषध अंगात साठतं, म्हणून दोन दिवस शरीराला उसंत द्यायची, एवढं स्पष्टीकरण मला पुरत होतं आणि पटतही होतं. आता पटत नाही. एका पेशंटच्या मुलाने विचारलं, "डॉक्टर, या दोन दिवसांत नेमकं किती उतरतं?" त्याला काहीतरी सांगून वाटेला लावलं, पण रात्री स्वतःच कागद घेऊन बसलो.

मूत्रपिंडं ठणठणीत असली तर डिगॉक्सिनचं अर्धायुष्य दीड ते दोन दिवस असतं. म्हणजे अंगातला साठा निम्मा व्हायला तेवढा वेळ लागतो. पॅरासिटामॉलचं अर्धायुष्य दोन-तीन तासांचं. ते सहा तासांनी पुन्हा घेतलं तरी आधीचं बरंचसं गेलेलं असतं. डिगॉक्सिन दिवसातून एकदाच पुरतं, कारण चोवीस तासांत त्याचा साठा फारसा खाली येत नाही. पण याच कारणाने दुसरी गोळी पहिलीच्या उरलेल्या भागावर जाऊन बसते, तिसरी त्या दोघींच्या उरलेल्यावर.

मग साठा वाढतच का जात नाही? कारण शरीर रोज ठरावीक मिलिग्रॅम बाहेर टाकत नाही, साठ्याचा ठरावीक हिस्सा टाकतं. दोन दिवसांचं अर्धायुष्य धरलं तर रोज सुमारे 29 टक्के. साठा वाढला की बाहेर जाणारंही वाढतं, आणि रोज जेवढं आत तेवढंच बाहेर अशी वेळ आली की तो थांबतो. एका गोळीतलं जेवढं औषध शोषलं जातं त्याला 'एक गोळी' म्हटलं, तर रोजच्या गोळीने साठा गोळी घेतल्याबरोबर 3.4 गोळ्यांवर आणि दुसऱ्या सकाळी 2.4 वर स्थिरावतो. तिथे पोचायला चार-पाच अर्धायुष्यं, म्हणजे आठ-दहा दिवस लागतात.

आता सुट्टी लावून पाहिली. शुक्रवारची गोळी घेतल्यावर साठा 3.1, आणि सोमवारी सकाळी गोळीच्या आधी 1.1. मी बराच वेळ या दोन आकड्यांकडे बघत बसलो. ज्या उंचीची भीती म्हणून सुट्टी द्यायची, ती जेमतेम दहा टक्क्यांनी उतरली होती. तळ मात्र निम्म्याहूनही खाली गेला होता. एट्रियल फिब्रिलेशनच्या पेशंटची नाडी सोमवारी का धावते, याचं एक उत्तर इथेच होतं.

खरा धोका आहे तो मूत्रपिंडांचा, कारण डिगॉक्सिन मुख्यतः लघवीवाटे जातं. 78 वर्षांच्या, 42 किलो वजनाच्या आजी घ्या. क्रिएटिनिन 1.6, रिपोर्टवर 'किंचित जास्त' एवढंच दिसतं. पण वय, वजन आणि स्त्री असणं हिशेबात घेतलं की क्लिअरन्स मिनिटाला 19 मिलिलीटरच्या आसपास येतो. अंगावर स्नायूच कमी, मग क्रिएटिनिन तयार तरी किती होणार? अशा माणसाचं अर्धायुष्य चार दिवसांच्या घरात जाऊ शकतं. मग रोज सोळा टक्केच बाहेर पडतं आणि रोजच्या गोळीने साठा 6.3 गोळ्यांपर्यंत चढतो.

तो चढतो मात्र सावकाश, अडीच-तीन आठवडे. पहिल्या आठवड्यात आजी ठीक असतात, घरचे खूश. तिसऱ्या आठवड्यात जेवण नको होतं, मळमळतं, नाडी पन्नासच्या खाली येते, कधी सगळं पिवळसर दिसू लागतं. औषध तर बदललेलंच नसतं, त्यामुळे संशय पित्तावर जातो आणि वर पित्ताची गोळी सुरू होते.

याच आजींना पाच दिवसांची पद्धत लावली तर शुक्रवारी 5.2 गोळ्या आणि सोमवारी सकाळी 3.1. म्हणजे निरोगी माणसाचा शुक्रवारचा कळस तो आजींचा तळ! सुट्टीने काहीच होत नाही असं नाही. आठवड्याचा डोस सात गोळ्यांवरून पाचावर येतो, आणि जो फायदा होतो तो या कपातीचा. पण कपातच करायची तर ती रोजच्या डोसात का करू नये? आजींना रोज अर्धी गोळी, म्हणजे 0.125 मिलिग्रॅम दिली तर साठा 2.6 ते 3.1 मध्ये राहतो.

म्हणून आता मी आधी वय, वजन आणि क्रिएटिनिन एकत्र मांडतो, डोस त्यावरून ठरवतो आणि तो रोज देतो. अशक्त, वयस्कर पेशंटला कधीकधी रोज अर्धी गोळीही जास्त होते, तेव्हा एक दिवसाआड. रक्तातली पातळी तपासायची तर दोन-तीन आठवड्यांनी, सकाळच्या गोळीच्या आधी. गोळीनंतर लगेच काढलेलं रक्त खोटी उंची दाखवतं, कारण औषध तोवर ऊतींमध्ये पसरलेलं नसतं. जुलाब-उलट्यांनी पेशंट कोरडा पडला, तर मूत्रपिंडं त्याच दिवशी मंदावतात, तेव्हा ठरलेल्या तारखेची वाट न बघता मला फोन करा, असं घरच्यांना सांगून ठेवतो.