काकांचा नंबर आणि सत्तावीस सप्टेंबर

बपेरा, ता. तुमसर. बातमी नाही ही, शेजारधर्माची गोष्ट आहे. पण तुमच्याही घरात हे होऊ शकते, म्हणून लिहितो.

आमच्या घरासमोरच्या काकांना 11 जूनला सकाळी अर्धांगाचा झटका आला. आधी तुमसर, मग नागपूर. 15 सप्टेंबरला घरी आले, म्हणजे 96 दिवसांनी. मोबाईल घरीच राहिला होता, चार्जिंग संपून बंद पडलेला. त्या धावपळीत तो कोणाला आठवणार? घरी आल्यावर चार्ज केला, तर नेटवर्कच नाही. रिचार्ज होईना. सिमवाल्या दुकानदाराने सांगितले, "नंबर गेला, नवीन घ्या."

काका मला म्हणाले, "मी मेलो नाई ना जी, मंग नंबर कसा बंद केला?"

बँकेचा ओटीपी त्याच नंबरवर, आधार त्याच नंबरला जोडलेले, गॅसची बुकिंग त्यावरच, पीएम किसानचा ई-केवायसी त्यावरच. एक हात उचलत नाही अशा माणसाला घेऊन चार ठिकाणी नंबर बदलत फिरायचे? शिवाय बंद झालेला नंबर कंपनी कायम रिकामा ठेवत नाही. किमान 90 दिवस तो कोणाला देत नाहीत, असे ट्रायने 2023 मध्ये सुप्रीम कोर्टात सांगितले होते. त्यानंतर काकांच्या बँकेचा मेसेज कोणाच्या हातात पडेल, कोण जाणे.

मी पत्र लिहायला बसलो. पहिला मसुदा बातमीदाराचा होता : वृद्ध शेतकरी, आजारपण, माणुसकी वगैरे. मग नियम वाचला आणि तो कागद फाडला. कारण ग्राहक संरक्षणाच्या नियमांत 2013 साली ट्रायने जी दुरुस्ती केली, तिच्यात दवाखान्याचा उल्लेखच नाही. तिथे फक्त दिवस मोजले जातात. प्रीपेड नंबर सलग 90 दिवस न वापरल्याशिवाय बंद करता येत नाही. फोन येणे-जाणे, पाठवलेला मेसेज, नेट, यातले काहीही झाले तर तो वापर धरतात. खात्यात 20 रुपये किंवा जास्त शिल्लक असेल तर 90 दिवसांनंतरही नंबर बंद होत नाही, 20 रुपये कापून 30 दिवस वाढतात. आणि बंद झालाच, तरी पुढचे 15 दिवस जास्तीत जास्त 20 रुपये घेऊन तोच नंबर परत सुरू करून द्यावा लागतो.

काकांच्या खात्यात तीन रुपये होते. म्हणजे शिल्लकीचा मुद्दा गेला. शेवटचा फोन 10 जूनचा, शेतातून मुलीला केलेला. कस्टमर केअरला विचारले, तर नंबर 12 सप्टेंबरला बंद झाला म्हणाले. मोजून पाहा, 94 दिवस होतात. कंपनीने बंद करण्यात चूक केली असे म्हणताच येत नव्हते, हे मला मान्य करावे लागले. पण 12 नंतरचे 15 दिवस 27 सप्टेंबरला संपत होते, आणि आम्ही 19 तारखेला होतो. सगळे पत्र या एका गोष्टीवर उभे केले :

"माझा प्रीपेड क्रमांक 12 सप्टेंबर रोजी बंद करण्यात आला. 11 जून ते 15 सप्टेंबर मी रुग्णालयात भरती होतो. डिस्चार्ज कार्डाची प्रत जोडली आहे. बंद केल्यापासून 15 दिवसांची मुदत 27 सप्टेंबरपर्यंत आहे. त्या मुदतीत, आज 19 सप्टेंबर रोजी, मी हा क्रमांक माझ्याच नावे पुन्हा सुरू करण्याची मागणी करीत आहे. नियमानुसारचे शुल्क भरण्यास तयार आहे. तोपर्यंत क्रमांक अन्य कोणास देऊ नये. नकार असल्यास कारण लेखी कळवावे."

खाली काकांचा अंगठा, सोबत आधारची प्रत आणि सिमवरचा लांब नंबर. डिस्चार्ज कार्ड मुदतीसाठी लागत नाही, पण समोरच्या माणसाला उशिराचे कारण दिसावे म्हणून लावले. पत्र ईमेलने पाठवले आणि त्याच दिवशी 198 वर तक्रारही नोंदवली. तिथला डॉकेट नंबर लिहून घेणे फार महत्त्वाचे. तो नसेल तर तक्रार केल्याचा पुरावाच नाही, आणि वर अपील करायचे तर तोच विचारतात. त्यानंतरही झाले नसते तर भंडाऱ्याचा ग्राहक आयोग होता. अशा तक्रारी आयोगात चालतात, हे सुप्रीम कोर्टाने 2022 मध्ये स्पष्ट केले आहे.

तीन दिवस फक्त "तुमची तक्रार मिळाली" असा मेसेज. चौथ्या दिवशी फोन आला, "सर, सिस्टीममध्ये डिस्कनेक्ट दाखवते." मी म्हटले, दाखवेलच, म्हणून तर पत्र आहे, मुदत 27 ची आहे, नाही म्हणायचे तर लेखी म्हणा. 25 ला नंबर सुरू झाला. 20 रुपये लागले.

घरात कोणी भरती असेल तर त्याच्या फोनमध्ये पन्नासेक रुपयांचा टॉपअप टाकून ठेवा. पॅक नाही, मेन बॅलन्स. दुकानदार पॅकच मारतो, म्हणून सांगून टाका.

काकांनी पहिला फोन मुलीला लावला. त्यांची जीभ अजून जड आहे, तिला अर्धेच कळले. पण स्क्रीनवर "बाबा" आले होते, म्हणाली.