पाणपोईचं 9,840 रुपयांचं बिल

गेल्या आठवड्यात वस्तीच्या बैठकीत एका काकांनी सर्वांसमोर विचारलं, "पाणपोईचं हार्डवेअरचं बिल कुठे हाय?" मी खजिनदार. बिलाची कागदी प्रत केव्हाच पांढरी पडली, म्हणून फोटो काढून ठेवला होता. तो फोटो बिघडलेल्या मोबाईलसोबत गेला. कळमेश्वरात वर्गणीचा हिशोब म्हणजे लोकांच्या तोंडाला लागण्याचं काम, तुम्हाला माहीतच आहे.

आधी दुकानात गेलो. नोंदणीकृत व्यापाऱ्याला हिशोबाची कागदपत्रं त्या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून 72 महिने ठेवावी लागतात. पण दुकानदार म्हणाला, "संगणक बदलला, जुनं निघत नाही. पाहिजे तर आजच्या तारखेचं नवीन बनवून देतो." ते मी घेतलं नाही. त्या तारखेला आम्ही काहीच घेतलं नव्हतं.

मग पासबुक काढलं. एप्रिल 2025 मध्ये एकच यूपीआय व्यवहार, 9,840 रुपये, सोबत व्यवहार क्रमांक. नाव दुकानाचं नाही, मालकाचं आहे, म्हणून आधी सापडतच नव्हतं. रक्कम आणि तारीख दोन्ही पक्क्या झाल्या. पण बँक फक्त पैसे किती गेले ते सांगते, काय आणलं ते नाही.

सामान मात्र पाणपोईवरच उभं आहे. वही घेऊन गेलो अन् मोजलं: पाचशे लिटरची टाकी, चार नळ, वीस फुटी दोन पाइप, टाइल्सचे चार डबे, एल्बो आणि टी मिळून दहा. सिमेंट पाच पोती, असं मला आठवत होतं. सुदैवाने शेजाऱ्याकडे त्याच दुकानाचं, त्याच महिन्याचं घराच्या कामाचं बिल निघालं. त्यातून भाव मिळाले: टाकी 3,300, टाइल्स 2,080, पाइप 820, नळ 1,040, सिमेंट पोत्याला 380, सगळे करासकट.

पाच पोती धरली तर फिटिंगसाठी 700 रुपये उरत होते. दहा तुकडे, सोल्युशन अन् टेप एवढ्याला 700 कसे लागतील? त्याच बिलाच्या भावाने ते जेमतेम 320 होतात. फरक बरोबर 380, म्हणजे एक पोतं. गवंडीभाऊंना विचारलं तर ते म्हणाले, "अरे, सहावं पोतं ओट्याला लागलं नाही का?" रिकामी पोती मागच्या कोपऱ्यात होती. मोजली, सहा निघाली. माझी आठवण चुकली होती.

करात बहुतेक जण दोन ठिकाणी फसतात. 9,840 चे सरळ 18 टक्के काढले तर 1,771 येतात, पण ते चूक आहे, कारण कर रकमेच्या आतच आहे. 1.18 ने भागून उरलेला फरक घ्यायचा, म्हणजे 1,501. तेही आमच्या बिलाला लागू नाही. सिमेंटवर 22 सप्टेंबर 2025 पासून 18 टक्के आहे, आमची खरेदी त्याआधीची, तेव्हा 28 होता. आज दुकानात दर विचारून हिशोब केला असता तर चुकला असता. म्हणून सिमेंटचे 2,280 भागिले 1.28, त्यात कर 498.75. बाकी 7,560 भागिले 1.18, कर 1,153.22. एकूण 1,651.97, अर्धा केंद्राचा, अर्धा राज्याचा.

एक शंका उरलीच. आम्हाला मिळालेलं पक्कं बिल होतं की नुसतं एस्टिमेट? कच्च्या कागदावर कराची ओळच नसते, आणि कंपोझिशन योजनेतला दुकानदार तर वेगळा कर लावूच शकत नाही. शेजाऱ्याच्या बिलावरचा 27 ने सुरू होणारा जीएसटी क्रमांक पोर्टलवर टाकून पाहिला. नोंदणी 'Regular' निघाली. म्हणजे तो कर लावू शकत होता. आमच्या कागदावर लावलाच होता, हे मात्र मी छातीठोक सांगू शकत नाही.

म्हणून फलकावर लावलेल्या हिशोबात असं लिहिलंय: "हार्डवेअर, 9,840 रुपये, मूळ बिल उपलब्ध नाही. रक्कम व तारीख बँकेनुसार. वस्तू प्रत्यक्ष मोजून, भाव त्याच महिन्याच्या दुसऱ्या बिलावरून. कर अंदाजे 1,652, बिल पक्कं धरून." खाली माझी, गवंडीभाऊंची आणि प्रश्न विचारणाऱ्या काकांची सही. काकांनी सही करण्याआधी नळ परत मोजले.