सहाचा आकडा

स्पर्धा परीक्षा देणाऱ्या एका माजी विद्यार्थिनीने वहीच्या पानाचे छायाचित्र आम्हांस पाठविले. राजू एक काम १२ दिवसांत करतो, संजू १८ दिवसांत. दोघांनी एकत्र आरंभ केला. काम संपण्याच्या ३ दिवस आधी राजू निघून गेला. काम किती दिवसांत संपले? तिचे उत्तर ६. पर्यायांतही ६ होतेच, त्यामुळे उत्तरतालिकाच चुकली, असे तिला वाटत होते.

आम्ही ६ दिवस प्रश्नात घालून पाहिले. संजूचे ६ दिवस म्हणजे कामाचा १/३ भाग, राजूचे ३ म्हणजे १/४, मिळून ७/१२. काम अपुरेच!

मग ओळीओळीने वाचले. अखेरच्या ३ दिवसांत संजूचे १/६, उरले ५/६. दोघांचे रोजचे ५/३६, म्हणून ६. आकडेमोड निर्दोष होती. मात्र हे ६ दिवस दोघांच्या सोबतीचे. संजूचे एकट्याचे ३ मिळवायचे राहिले होते. उत्तर ९.

आम्ही तिला कळविले : ६ पुढे ‘दोघे एकत्र’ एवढे लिहीत जा.